चिठ्ठीवरचे साल

माझा एक जुना विद्यार्थी गेल्या उन्हाळ्यात व्हायोलिनची पेटी घेऊन घरी आला. "सर, आत उर्दूत काहीतरी लिहिलंय. तेवढं वाचून द्या," म्हणाला. संगीतातलं मला फारसं कळत नाही. व्हायोलिन हातात घेण्याचीही पहिलीच वेळ. पण उर्दूचं नाव निघालं की आम्ही मास्तर लोक चष्मा शोधायला लागतो.

वाद्य त्याच्या आजोबांचं. ते मूकपटांच्या काळात सोलापुरात पडद्यासमोर बसून व्हायोलिन वाजवायचे, असं घरात सांगतात. बोलपट आल्यावर ते काम गेलं, मग लग्नाच्या बँडमध्ये आणि नाटक कंपन्यांत. १९११ च्या दिल्ली दरबाराच्या वेळी एका इंग्रज साहेबानं खूश होऊन हे वाद्य त्यांना बक्षीस दिलं, हीही घरातलीच गोष्ट. आजोबांच्या पश्चात पेटी माळ्यावर होती. यंदा धाकट्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाला पैसे हवे होते. पेटी खाली काढली, पोरांनी मोबाइलचा उजेड आत टाकला, आणि लाकडावर डकवलेली एक पिवळी चिठ्ठी दिसली. रोमन अक्षरांत तीन ओळी होत्या: अँटोनियस स्त्रादिवारियस क्रेमोनेन्सिस, फाचिएबात अॅनो, १७२१. शेजारी दुहेरी वर्तुळात क्रूस आणि ए, एस ही अक्षरे.

पुढचं सांगायला नकोच. इंटरनेटवर कुणीतरी भेटला. त्यानं फोटो बघून "कोट्यवधींचा माल आहे" असं सांगितलं आणि परदेशातून प्रमाणपत्र मागवण्यासाठी चाळीस हजार रुपये आगाऊ मागितले. घरातली बांगडी मोडायची बोलणी चालली होती. पैसे पाठवायच्या आधी आतलं उर्दू वाचून घ्यावं, कदाचित त्यात साहेबाचं नाव असेल, म्हणून हा माझ्याकडे आलेला.

चिठ्ठी छापील, भाषा लॅटिन. अर्थ एवढाच की क्रेमोनाच्या अँटोनियस स्त्रादिवारियसनं हे १७२१ साली घडवलं. इटलीतल्या क्रेमोना गावचा अंतोनिओ स्त्रादिवारी हा इतिहासातला सगळ्यात नावाजलेला व्हायोलिन घडवणारा. तो १७३७ मध्ये वारला. त्याच्या हातची साडेसहाशेच्या आसपास वाद्यं आज शिल्लक मानली जातात. आपल्या वाद्यात तो अशी चिठ्ठी खरोखर डकवत असे. पण तशीच चिठ्ठी असलेली व्हायोलिनं जगात लाखांनी आहेत.

उर्दू-फारसीची हस्तलिखितं ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना या गोष्टीचं नवल वाटणार नाही. हस्तलिखिताच्या शेवटी तरकीमा असतो. नक्कल कुणी केली, कुठल्या गावी, कुठल्या महिन्यात पुरी झाली, हे कातिब तिथं लिहितो. आता होतं असं की दोनशे वर्षांनी दुसरा कातिब त्या पोथीची नक्कल करायला बसतो, आणि भाबडेपणानं म्हणा किंवा इमानदारीनं म्हणा, समोरचा तरकीमाही अक्षर न अक्षर उतरवून काढतो. जुनं साल नव्या कागदावर येतं. त्यानं फसवलेलं नसतं, समोर होतं ते लिहिलेलं असतं. म्हणून पोथीचा काळ ठरवताना जाणकार माणूस शेवटच्या पानावर थांबत नाही. कागद बघतो, शाई बघतो, अक्षराचं वळण बघतो, नंतरच्या मालकांच्या नोंदी बघतो. व्हायोलिनची चिठ्ठी म्हणजे असाच उतरवलेला तरकीमा. फरक इतकाच की इथं उतरवणारा एकटा कातिब नाही, अख्खी गावंच्या गावं आहेत.

ती गावं कुठली? जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातलं मार्कनॉयकिर्खेन, त्याच्या सीमेपलीकडचं बोहेमियातलं शोनबाख, बव्हेरियातलं मिटेनवाल्ड, फ्रान्समधलं मिरकूर. एकोणिसाव्या शतकात इथं व्हायोलिन हा घरगुती धंदा होता. मार्कनॉयकिर्खेन आणि शोनबाखच्या बाजूला तर कामाची वाटणी आपल्याकडच्या विडीसारखी होती. एका घरात नुसत्या माना कोरायच्या, दुसऱ्यात पाठी, तिसऱ्यात पोटं. व्यापारी हे भाग गोळा करून जोडून घ्यायचा, रोगण लावायचा, पेटीत भरून जगभर पाठवायचा. चिठ्ठ्या छापखान्यातून यायच्या. मॉडेल स्त्रादिवारीचं असेल तर स्त्रादिवारीची चिठ्ठी, नाहीतर अमाती, ग्वार्नेरी, माजिनी, श्टाइनर. अमेरिकेतल्या सियर्स रोबकच्या टपाली कॅटलॉगमध्ये अशी 'स्त्रादिवारी मॉडेल' व्हायोलिनं काही डॉलरना मिळत. घेणाऱ्यालाही ठाऊक असे की हा नमुन्याचा उल्लेख आहे. फसवणूक सुरू झाली ती बहुतेक दोन पिढ्यांनंतर, जेव्हा घेणारा वारला, पावती हरवली आणि चिठ्ठी तेवढी उरली.

चिठ्ठीवर कुणाचं नाव टाकायचं हे मात्र काळाप्रमाणे बदलत गेलं, हे मला फार गमतीचं वाटतं. अठराव्या शतकात युरोपातल्या बऱ्याच भागात सगळ्यात भाव होता तो ऑस्ट्रियाच्या याकोब श्टाइनरला. स्त्रादिवारी त्याच्या खाली. म्हणून त्या काळातल्या खोट्या चिठ्ठ्या श्टाइनरच्या नावाच्या जास्त. पुढं मोठ्या सभागृहांना दणदणीत आवाज हवासा झाला, स्त्रादिवारीचं नाव वर गेलं, आणि चिठ्ठ्याही पालटल्या. म्हणजे खोटी चिठ्ठी वाद्याचं वय सांगत नाही, पण ती कुठल्या काळच्या बाजारात छापली गेली याचा सुगावा तिच्यातून कधीकधी लागतो.

शिवाय चिठ्ठी खरी असली तरी ती त्याच वाद्याची असेलच असं नाही. पाण्याची वाफ दिली की जुनी चिठ्ठी सुटते. 'एफ' आकाराच्या भेगेतून तारेच्या टोकावर धरून आत सरकवली आणि सरस लावून दाबली की दुसऱ्या वाद्याची झाली. वाद्य उघडायचीही गरज नाही.

हे सगळं मी त्या दिवशी सांगू शकलो नव्हतो. हे नंतर वाचून कळलं. त्या दिवशी मी फक्त एवढं म्हणालो की पैसे पाठवू नकोस, आधी आपण वाद्य बघू. दोन दिवसांनी आम्ही मिरजेला गेलो.

मिरज सतार-तंबोऱ्याचं गाव. तिथले वाद्यकारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारे. तलवारींचे दिवस गेल्यावर त्यांच्यातले काही जण एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यांकडे वळले. माझ्या ओळखीचे एक वृद्ध कारागीर तिथं आहेत. त्यांना सगळे चाचाच म्हणतात. व्हायोलिन हे त्यांचं वाद्य नव्हे, पण दुरुस्तीला येतात तेव्हा तेही करतात. त्यांनी पेटी उघडली, चिठ्ठीकडे बघितलंसुद्धा नाही. वाद्य उलटं केलं, बोटानं टकटक केली, मग दंतवैद्याचा छोटा आरसा आणि मोबाइलला जोडायचा बारीक कॅमेरा काढला. तो कॅमेरा हल्ली पाच-सातशे रुपयांत मिळतो, नळाच्या पाइपात बघायला वापरतात तो.

"मास्तर, कागद बाजूला ठेवा. लाकूड बघू," ते म्हणाले.

पहिल्यांदा त्यांनी कोपरे दाखवले. व्हायोलिनच्या कमरेला चार टोकदार कोपरे असतात. क्रेमोनाची पद्धत अशी होती की आधी लाकडी साचा घ्यायचा, त्याच्याभोवती कोपऱ्यांत ठोकळे बसवायचे, कडेच्या पातळ पट्ट्या गरम करून वाकवून त्या ठोकळ्यांना चिकटवायच्या, आणि मग साचा काढून घ्यायचा. ठोकळे आत राहतात. स्त्रादिवारी ते विलो लाकडाचे करी, आणि पट्ट्यांना आधार देणाऱ्या बारीक काड्या त्या ठोकळ्यांत खाच पाडून घुसवी. सॅक्सनी-बोहेमियाच्या घरगुती कामात साचाच नसे. पाठीच्या फळीवरच कडा उभ्या करून चिकटवत. ठोकळ्याची गरज पडत नसे. काही जण नंतर भेगेतून दिसावेत म्हणून कोपऱ्यात लाकडाचा पातळ पडदा लावून द्यायचे. आमच्या वाद्यात खालच्या दोन कोपऱ्यांत असा पडदा होता. कॅमेरा थोडा तिरपा केला तेव्हा मागं पोकळी दिसली. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत काहीच नव्हतं. तिथवर बाहेरून कुणाची नजर पोचत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पोटाच्या आतली लांब पट्टी. चाचा पोटाला सतारीसारखं 'तबली' म्हणत होते. जाड तारेच्या बाजूला, घोडीच्या एका पायाखाली, ही पट्टी उभी चालते. तिला बास बार म्हणतात. नीट कामात ती वेगळी तासून सरसानं चिकटवलेली असते. इथं चिकटवल्याची रेघ कुठेच नव्हती. तबली आतून कोरतानाच तेवढा भाग उंच सोडलेला, आणि बाजूला पटाशीचे ओबडधोबड घाव तसेच. हे घाईचं आणि स्वस्त काम. क्रेमोनाचा माणूस असं करत नसे.

मग मान. हे मला सगळ्यात आवडलं, कारण इथं खोटेपणा अगदी रंगेहाथ सापडतो. १८०० च्या आसपास व्हायोलिनच्या माना बदलल्या. जुन्या माना आखूड आणि सरळ होत्या, नव्या थोड्या लांब आणि मागं झुकलेल्या हव्या होत्या, म्हणजे तारांना ताण जास्त मिळतो. म्हणून जुन्या चांगल्या वाद्यांची मान कापून नवी जोडत, पण वरची शंखासारखी गुंडाळी मूळचीच ठेवत. त्यामुळे अस्सल जुन्या वाद्यात खुंट्यांच्या घराजवळ सांध्याची रेघ दिसते. बाजारात हे कळल्यावर नव्या वाद्यांवरही ती रेघ यायला लागली! आमच्या व्हायोलिनवर दोन्ही बाजूंना ती तिरकी रेघ होती. चाचांनी भिंग दिलं. लाकडाच्या शिरा रेघेच्या अलीकडून पलीकडे सरळ चालत गेल्या होत्या. सांधा असता तर शिरा तिथं तुटायला हव्यात. म्हणजे ती सुरीनं ओढलेली आणि वर रंग भरलेली रेघ होती. मागच्या बाजूला तर ती ओढायलाच विसरले होते.

यातलं काही एकटं निर्णायक नाही, हे सांगितलं पाहिजे. साच्याशिवाय बांधणारे चांगले कारागीरही झालेत, आणि खऱ्या जुन्या वाद्यातले ठोकळे दुरुस्तीत बदललेलेही असतात. पण ठोकळे, बास बार आणि मान हे तिघं एकाच दिशेला बोट दाखवायला लागले की ऐकावं लागतं. १७२१ आणि क्रेमोना दोन्ही गेले. राहिला प्रश्न: मग हे कधीचं?

इथं कारागिराचा हात थांबतो आणि कायदा कामाला येतो. इंग्लंडमध्ये १८८७ साली मर्चंडाइज मार्क्स अॅक्ट झाला. परदेशी माल इंग्रजी नावानं खपवू नये म्हणून. हिंदुस्थानात त्याच धर्तीचा कायदा १८८९ ला आला. अमेरिकेनं १८९० च्या मॅकिन्ली टॅरिफ कायद्यानं पुढच्या वर्षापासून आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. तेव्हापासून या गावांतल्या व्हायोलिनांवर 'जर्मनी', 'बोहेमिया', 'मेड इन जर्मनी' असे शब्द दिसायला लागतात. देशांची नावं इतिहासात जन्मतात आणि मरतात, म्हणून साल नसलं तरी नुसतं नाव काळ सांगून जातं. 'चेकोस्लोव्हाकिया' हा देश ऑक्टोबर १९१८ मध्ये जन्मला. ते नाव वाद्यावर असेल तर वाद्य त्याच्या आधीचं असू शकत नाही. उलट बाजूनं मात्र हा नियम चालत नाही. देशाचं नाव नाही म्हणून वाद्य १८९१ च्या आधीचं, असं पुष्कळ लोक बेधडक सांगतात. ते चूक. मूळ देशातच विकलेल्या वाद्यावर ते नसेच, आणि जिथं होतं तिथं खरवडणारे हातही होतेच.

आमच्या वाद्यातली चिठ्ठी नीट पाहिली तर तिची खालची कड कात्रीनं कापलेली होती. बाकी तीन बाजूंना समास होता, खाली नव्हता. चाचांनी वाद्य खिडकीशी नेलं आणि पाठीवर, मानेच्या बुडाशी, उजेड आडवा पडेल असं धरलं. तिथलं रोगण घासून गुळगुळीत केलेलं होतं, पण लोखंडी शिक्का लाकडात जरा खोल गेलेला. शेवटची पाच अक्षरं रोमनमध्ये वाचता आली: व्ही, ए, के, आय, ए. विद्यार्थ्यानंच आधी ओळखलं. तो काही बोलला नाही.

शिक्काही चिठ्ठीसारखा नंतर मारलेला असू शकत नाही का? शकतो. पण माणूस खोटं बोलतो ते फायद्यासाठी. वाद्याची किंमत पाडणारा शिक्का कुणी हौसेनं मारत नाही, आणि इथं तर तो पुसायचा प्रयत्न झालेला. स्वतःच्या विरुद्ध जाणारी साक्ष जास्त वजनाची, हे कोर्टातही मानतात.

आता उर्दू. कॅमेरा तबलीच्या आतल्या बाजूला वर फिरवला तेव्हा बास बारच्या शेजारी पेन्सिलीच्या दोन ओळी दिसल्या. वाद्य बंद असताना तिथं लिहिता येत नाही, तबली उघडल्याशिवाय पेन्सिल पोचतच नाही. जवळच एका जुन्या चिरेवर लाकडाचे तीन छोटे तुकडे आडवे चिकटवलेले होते. म्हणजे चीर दुरुस्त करण्यासाठी वाद्य उघडलं, आणि बंद करण्याआधी दुरुस्त करणाऱ्यानं नोंद केली. जगभरचे कारागीर हे करतात. चिठ्ठीपेक्षा अशा नोंदींवर माझा जास्त भरोसा आहे, कारण त्या गिऱ्हाइकाला दाखवण्यासाठी लिहिलेल्या नसतात.

पहिल्या ओळीत 'मरम्मत', पुढं एक नाव, ते इथं देत नाही. दुसऱ्या ओळीत 'बरोज जुमा', म्हणजे शुक्रवारी, मग २३ फेब्रुवारी आणि साल. सालाचा पहिला, दुसरा आणि चौथा अंक स्पष्ट: एकोणीसशे आणि शेवटी चार. तिसरा अंक दोन की तीन, तिथं घोडं अडलं. उर्दूत दोनच्या डोक्यावर एक वळण असतं आणि तीनच्या डोक्यावर दोन. घाईत पेन्सिलीनं लिहिताना दुसरं वळण लाकडाच्या शिरेत बुडून जातं. १९२४ की १९३४? दहा वर्षांचा फरक, आणि मुलं शाळेत हीच चूक करतात म्हणून मी रोज लाल शाई वापरतो.

दोन मार्ग होते. एक, 'तेवीस' मध्ये त्याच हाताचे दोन आणि तीन शेजारी-शेजारी लिहिलेले होते. सालातला अंक त्यातल्या तीनसारखा उजवीकडे लांब ओढलेला दिसत होता. पण दिसण्यावर मी समाधान मानलं नाही. दुसरा मार्ग म्हणजे वार. २३ फेब्रुवारी १९२४ ला शनिवार येतो. १९३४ ला शुक्रवार. मोजदाद मी वहीवर केली आणि मग मोबाइलवर ताडून पाहिली. कारागिरानं 'जुमा' लिहून ठेवलं नसतं तर आपण दोघांतच अडकलो असतो.

म्हणजे १९३४ च्या फेब्रुवारीत हे वाद्य हिंदुस्थानात होतं, वापरून चीर गेलेलं होतं. आणि १९१८ च्या आधी ते नव्हतं. चिठ्ठीवरच्या सालाला न विचारता आपण सोळा वर्षांच्या कोंडीत आलो. शोनबाख हे गाव १९१८ नंतर चेकोस्लोव्हाकियात गेलं, त्यामुळे वाद्य तिथलंच असावं ही शक्यता सगळ्यात मोठी. त्या गावाचं आजचं नाव लुबी. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या जर्मन लोकांना घालवून दिलं गेलं, आणि त्यातले बरेच व्हायोलिनवाले बव्हेरियात बुबेनरॉइथला जाऊन वसले.

परतताना एस.टी.त विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, परदेशात लाकडाची तपासणी करून वय सांगतात म्हणे. ती केली तर?" त्यानं ते त्या इंटरनेटवाल्याकडून ऐकलेलं. तपासणी खरी आहे, आणि तिच्याबद्दल थोडं लिहितो, कारण इथंही लोक नको तेवढी अपेक्षा ठेवतात.

व्हायोलिनची तबली स्प्रूस या सूचिपर्णी झाडाची असते. थंड प्रदेशातलं झाड दर वर्षी एक कडं वाढवतं, चांगल्या वर्षी रुंद, वाईट वर्षी अरुंद. लाकूड मध्यातून चिरलं की ही कडी तबलीवर उभ्या रेषांसारखी दिसतात. तबली बहुधा दोन अर्ध्या भागांची असते आणि झाडाच्या सालीकडची, म्हणजे सगळ्यात नवी, कडी मधल्या सांध्याशी येतात. त्या रेषांमधली अंतरं मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत मोजतात. मग रुंद-अरुंदचा तो क्रम आल्प्समधल्या साल माहीत असलेल्या लाकडांच्या क्रमाशी ताडून बघतात. जुळला तर शेवटच्या कड्याचं साल मिळतं. वाद्याला ओरखडाही जात नाही. पण मिळतं ते झाड वाढत होतं त्या शेवटच्या दिसणाऱ्या वर्षाचं साल. बाहेरची किती कडी तासून टाकली, फळी किती वर्षं वाळवत ठेवली, हे लाकूड सांगत नाही. म्हणजे 'याच्या आधीचं नाही' एवढंच कळतं. कुणी घडवलं, हे तर मुळीच नाही.

ही तपासणी दोन्ही बाजूंनी कशी कापते, याची दोन उदाहरणं प्रसिद्ध आहेत. ऑक्सफर्डच्या अॅशमोलियन संग्रहालयात स्त्रादिवारीचं 'मसाया' नावाचं व्हायोलिन आहे, आत १७१६ ची चिठ्ठी. ते इतकं कोरं करकरीत आहे की १९९० च्या दशकाच्या शेवटी स्ट्युअर्ट पोलन्स या जाणकारानं शंका काढली. हे वाद्य एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या वीयोमकडे होतं, आणि वीयोम हा स्त्रादिवारीच्या नकला करण्यात पटाईत. चिठ्ठी या वादात कुणाच्याच उपयोगाची नव्हती. वीयोमला हवी तशी चिठ्ठी करता आली असती. कडी मोजायला सुरुवात झाली तेव्हा फोटोंवरून एका तज्ज्ञानं शेवटचं कडं १७३८ चं सांगितलं, म्हणजे स्त्रादिवारीच्या मृत्यूनंतरचं. खळबळ उडाली. नंतर ते मत मागं घ्यावं लागलं. पुढच्या अभ्यासांत टोपम आणि मॅककॉर्मिक यांना १६८२ मिळालं, आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रिसिनो-मेयर आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात १६८७. शिवाय लाकूड स्त्रादिवारीच्या इतर वाद्यांच्या लाकडाशी जुळतं असं दिसलं. म्हणजे १७१६ ला बाध येत नाही. 'बाध येत नाही' हेच शब्द बरोबर आहेत.

दुसरं उदाहरण डबल बासचं. बोस्टनचे प्रसिद्ध संगीतसंचालक सर्ज कुसेविट्स्की यांचं वाद्य, पुढं त्यांच्या पत्नीनं ते गॅरी कार या वादकाला दिलं. ते क्रेमोनाच्या अमाती बंधूंनी १६११ मध्ये घडवलं असं मानलं जाई. कडी मोजली, तर शेवटचं १७६१ चं निघालं. दीडशे वर्षं एका झटक्यात गेली, कारण झाड अजून उभं असताना वाद्य घडू शकत नाही. वाद्याचा आवाज मात्र होता तोच राहिला आणि लोक ते ऐकत राहिले.

आमच्या व्हायोलिनच्या एका अर्ध्यावर मी हौसेनं भिंगातून रेषा मोजल्या. नव्वदपर्यंत गेलो आणि डोळे दुखायला लागले. मोजणी नुसती हौसच होती, कारण अंतरं मोजून क्रम जुळवल्याशिवाय तिला अर्थ नाही. आणि तपासणीचा खर्च त्या वाद्याच्या किमतीपेक्षा जास्त झाला असता. शिवाय ती फार तर काय सांगणार? झाड एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वाढत होतं. ते शिक्क्यानं फुकटात जास्त नेमकं सांगितलं होतं.

चाळीस हजार वाचले. चाचांच्या मते दुरुस्त करून हे वाद्य शिकणाऱ्या मुलाला वीस-पंचवीस हजारांना जाईल. मुलीच्या प्रवेशाला ते पुरणारे नव्हते, त्याची सोय मग पतपेढीतून झाली.

खरी अडचण मला वाटली ती आईला सांगण्याची. दरबाराची गोष्ट तिनं सासऱ्यांच्या तोंडून ऐकलेली. १९११ ला हे वाद्यच नव्हतं, हे मी कसंबसं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बोलपट आल्यावर दोन-तीन वर्षं घरात चूल नीट पेटत नव्हती, असं सासूबाई सांगायच्या. आणि त्यातच यांनी कुठल्या तरी दुरुस्तीवर पैसे घातले म्हणून त्या जन्मभर चिडलेल्या होत्या." 'आलमआरा' १९३१ चा. दुरुस्ती १९३४ ची. मी वहीत लिहून घेतलं.

विद्यार्थ्याला चिठ्ठी काढून टाकायची होती. मी नको म्हटलं, तीही शंभर वर्षं त्या वाद्याच्या पोटात आहे. आम्ही पोस्टकार्डाएवढ्या एका कागदावर मराठीत आणि खाली उर्दूत लिहिलं: बहुधा शोनबाख, १९१८ नंतर. दुरुस्ती शुक्रवार, २३ फेब्रुवारी १९३४. आत स्त्रादिवारीच्या नावाची छापील चिठ्ठी, ती खरी नाही. खाली आम्ही दोघांनी सह्या केल्या, आजची तारीख घातली, वारही घातला. कागद वाद्यात डकवला नाही, पेटीच्या कप्प्यात ठेवला. वाद्य अजून विकलेलं नाही. धाकटीनं घोडी बसवून घेतली आहे आणि संध्याकाळी ती त्यावर सा लावायचा प्रयत्न करते.